विश्लेषण : गर्भनिरोधक गोळीतला सर्वात नाजूक आठवडा कोणता? ‘मधली’ नव्हे, पाकिटाची पहिली गोळी का चुकवू नये?

‘गोळ्यांनी वजन वाढतं’, ‘पुढे मूल राहत नाही’, ‘गोळ्या पोटात साठतात’... गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघाला की ही वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘पाकीट संपल्यावर नवं सुरू करायला तीन दिवस उशीर झाला, तर काय?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. गोळी घेत असतानाही नको असलेली गर्भधारणा होते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा असलीच एखादी चुकलेली गोळी असते. गोळी अगदी नियमानुसार घेतली तर वर्षभरात १०० पैकी एकीलाही गर्भ राहण्याची शक्यता नसते. प्रत्यक्षात, म्हणजे विसरत-आठवत घेतली जाते तेव्हा, हेच प्रमाण १०० मध्ये सुमारे ७ पर्यंत जातं. औषध तेच, फरक फक्त घेण्याचा.

कुठली गोळी चुकली तर किती धोका, हे समजायला आधी गोळी नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

कोणत्या गोळीबद्दल बोलतोय?

सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी ‘माला-एन’ आणि दुकानात स्वस्तात मिळणारी ‘माला-डी’ या दोन्हींत औषध एकच आहे. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत दोन हार्मोन असतात: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्यांत हार्मोन अजिबात नाही, फक्त लोह आहे. रोज एक गोळी घ्यायची सवय मोडू नये, म्हणून त्या दिल्या जातात.

खासगी डॉक्टर लिहून देतात त्या बऱ्याचशा गोळ्याही याच जातीच्या, म्हणजे दोन हार्मोनच्या. ‘छाया’ ही गोळी मात्र वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेल्या या गोळीत हार्मोन नाही आणि ती स्त्रीबीज बाहेर पडणं थांबवत नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घेतात. त्यामुळे पुढचे नियम ‘छाया’ला लागू नाहीत. एकाच हार्मोनच्या ‘मिनी-पिल’चेही नियम वेगळे, आणि काही मिनी-पिलबाबत तर जास्त कडक आहेत.

गोळी स्त्रीबीज कसं थांबवते?

अनेकांचा समज असा की गोळी गर्भ ‘पाडते’ किंवा शुक्राणू मारते. ती यातलं काहीच करत नाही. तिचं मुख्य काम अंडाशयातही होत नाही, ते मेंदूच्या तळाशी होतं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी चढलं की तरंगणारा गोळा वर जातो आणि आत येणारं पाणी बंद होतं. पाणी उतरलं की तो खाली येतो आणि नळ पुन्हा सुरू. शरीरात पाण्याच्या जागी हार्मोन आहेत. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने पिट्युटरी ग्रंथीला इशारे देतो. मग पिट्युटरी एफएसएच आणि एलएच नावाचे दोन हार्मोन रक्तात सोडते. एफएसएचमुळे अंडाशयातल्या पाण्याच्या फोडांसारख्या बारीक पिशव्या (डॉक्टर त्यांना फॉलिकल म्हणतात) वाढू लागतात. त्यातली एक बाकीच्यांना मागे टाकून पुढे जाते आणि इस्ट्रोजेन तयार करू लागते. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की पिट्युटरी एलएचचा एक मोठा झोत सोडते. तो सुरू झाल्यानंतर साधारण दीड दिवसात फॉलिकल फुटतं आणि स्त्रीबीज बाहेर येतं.

गोळी काय करते? बाहेरून रोज थोडे हार्मोन देऊन टाकी भरलेली आहे असा भास निर्माण करते. मेंदूला वाटतं, अंडाशयाचं काम चालू आहे, आणखी इशारे द्यायची गरज नाही. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे एफएसएच दबतं, त्यामुळे कुठलंच फॉलिकल पुढे सरकत नाही. दुसऱ्या हार्मोनमुळे एलएचचा झोत येत नाही. फॉलिकल मोठं झालं नाही आणि झोतही आला नाही, तर स्त्रीबीज बाहेर पडणार कुठून? याशिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्राणूंची वाट अडते. पण ती दुसरी फळी. खरा भार पहिल्या फळीवरच आहे.

बॉलकॉकचं उदाहरण एका बाबतीत खूप उपयोगी पडतं. टाकी रिकामी होऊ लागली की नळ लगेच सुरू होतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गोळी बंद झाली की मेंदूही तसाच जागा होतो.

मग त्या सात दिवसांत काय होतं?

तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात शरीराला हार्मोन मिळत नाहीत. गर्भाशयाचं आतलं अस्तर टिकत नाही आणि रक्तस्राव होतो. याला आपण पाळी म्हणतो, पण ही नेहमीची पाळी नव्हे. हार्मोन थांबल्याने आलेला तो रक्तस्राव आहे. वैद्यकीयदृष्ट्या तो व्हायलाच हवा असं काही नाही. पाळी येत राहिली की बाईला आपण गरोदर नसल्याची खात्री वाटते, म्हणून गोळीच्या सुरुवातीच्या काळापासूनच ही रचना ठेवली गेली.

पण या सात दिवसांत पडद्यामागे दुसरंही काही घडत असतं. हार्मोन थांबल्यावर दोन-तीन दिवसांत एफएसएच पुन्हा चढायला लागतं आणि अंडाशयातली फॉलिकल वाढायला सुरुवात होते. सातव्या दिवशी सोनोग्राफी केली तर काही जणींमध्ये १० मिलिमीटरपर्यंत पोहोचलेलं फॉलिकल दिसतं. या टप्प्याला पोहोचलेलं फॉलिकल दिवसाला साधारण २ मिलिमीटरने वाढतं आणि २० मिलिमीटरच्या आसपास फुटायला तयार होतं.

आठव्या दिवशी वेळेवर नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी पोटात गेली की एफएसएच पुन्हा दबतं आणि ते फॉलिकल वाढायचं थांबून विरून जातं. अंडाशय पुन्हा पूर्ण शांत व्हायला मात्र सलग सात गोळ्या लागतात. हा सातचा आकडा लक्षात ठेवा, चुकलेल्या गोळीचे सगळे नियम त्यावरच उभे आहेत. सलग सात गोळ्या म्हणजे अंडाशय झोपलं. हार्मोनविना सात दिवस म्हणजे ते जागं होण्याच्या उंबरठ्यावर आलं.

म्हणजे पाकिटातला हा आठवडा आधीच ताणलेला आहे. त्यात आणखी दिवस घातले की दोरी तुटू शकते.

पूर्वी या व्यवस्थेत थोडी जास्त ढील होती. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या ‘इनोव्हिड’ गोळीत जवळपास १० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनसारखा हार्मोन आणि ०.१५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन असे. आजच्या गोळीतले डोस त्या तुलनेत खूपच कमी आहेत. त्यामुळे मळमळ आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी झाला, हे चांगलंच झालं. पण अभियांत्रिकीत ज्याला ‘मार्जिन’ म्हणतात, ते विसरभोळेपणासाठी फारसं उरलं नाही.

एक उदाहरण, दिवस मोजून

समजा २७ वर्षांची एक बाई माला-एन घेते. शेवटची पांढरी गोळी तिने रविवारी रात्री घेतली. सोमवार ते पुढचा रविवार तपकिरी गोळ्या. नवं पाकीट त्यानंतरच्या सोमवारी सुरू व्हायला हवं. रविवारी रात्री नवरा-बायकोचा संबंध आला. सोमवारी सकाळी ती माहेरी गेली आणि नवं पाकीट घरीच राहिलं. गुरुवारी रात्री परत आल्यावर लक्षात आलं की सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन गोळ्या गेल्या.

तिच्या दृष्टीने ‘तीनच गोळ्या’ चुकल्या. शरीराच्या हिशेबात मात्र आठवडाभराच्या सात आणि या तीन, अशा सलग दहा रात्री हार्मोनविना गेल्या. सातव्या दिवशी एखादं फॉलिकल १० मिलिमीटरचं असेल, तर आता ते १५-१६ मिलिमीटरचं झालेलं असू शकतं. इतकं पुढे गेलेलं फॉलिकल एका गोळीने थांबेलच असं नाही. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे रविवारचा संबंध, जो त्या वेळी तिला पूर्ण सुरक्षित वाटला होता, तो आता मागे वळून धोक्याचा ठरतो. ही गोष्ट बहुतेकींच्या लक्षातच येत नाही. पुढचे दिवस सांभाळले म्हणजे झालं, असं त्या धरून चालतात.

तिने काय करावं? आठवताच, म्हणजे गुरुवारी रात्रीच, एक पांढरी गोळी घ्यावी. चुकलेल्या तिन्ही एकदम गिळू नयेत, त्याने फक्त मळमळ होते. पुढे रोज एक गोळी चालू ठेवावी आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरावा किंवा संबंध टाळावा. झालेल्या संबंधासाठी आपत्कालीन उपायाचा विचार करावा लागेल. लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. जितका उशीर, तितका परिणाम कमी. शिवाय एलएचचा झोत सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. या बाईच्या बाबतीत गुरुवारी रात्रीपर्यंत ९६ तास उलटले आहेत. अशा वेळी पाच दिवसांच्या आत बसवलेली तांब्याची कॉपर-टी सर्वात खात्रीची. म्हणजे तिला शुक्रवारी दिवसाच डॉक्टर गाठावा लागेल, ‘सोमवारी बघू’ चालणार नाही.

आता हीच बाई, पण चूक वेगळी. पाकीट सोमवारी वेळेवर सुरू केलं आणि दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवार-गुरुवारच्या, म्हणजे दहाव्या आणि अकराव्या गोळ्या चुकल्या. आपल्याकडे ‘मधले दिवस धोक्याचे’ हे सगळ्यांना माहीत असल्याने बायका इथे सर्वात जास्त घाबरतात. पण ते मधले दिवस गोळी न घेणाऱ्या बाईचे. हिच्या अंडाशयावर नऊ गोळ्यांचा दाब आहे, एकही फॉलिकल वाढत नाहीये. दोन रात्रींच्या खंडाने ते एकदम २० मिलिमीटरला पोहोचू शकत नाही. शुक्रवारी आठवताच एक गोळी घ्यावी, पाकीट पुढे चालू ठेवावं. खबरदारी म्हणून सात दिवस कंडोम वापरावा.

तिसरी शक्यता पाकिटाच्या शेवटची. एकोणिसावी आणि विसावी गोळी चुकली, एकविसाव्या दिवशी आठवलं. ‘आता दोन दिवसांवर तर पाळी आलीये’ म्हणून ती थेट तपकिरी गोळ्या सुरू करते. इथे घोटाळा होतो. एकविसावीही सोडली तर तीन आणि सात, पुन्हा दहा रात्री! यावरचा उपाय सोपा आहे, पण तो फारच कमी जणींना सांगितला जातो. त्या दिवशी एकविसावी पांढरी गोळी घ्यायची, तपकिरी सातही टाकून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटाची पहिली पांढरी गोळी सुरू करायची. खंड दोनच रात्रींचा राहतो. सात दिवस कंडोम इथेही वापरावा. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा थोडे डाग दिसतील, त्याने काही बिघडत नाही.

एकच गोळी चुकली तर?

आठवताच घ्या, पुढची नेहमीच्या वेळी घ्या. त्यासाठी एका दिवसात दोन गोळ्या झाल्या तरी चालेल. कंडोमची गरज नाही. दोन किंवा जास्त गोळ्या सलग चुकल्या, म्हणजे ४८ तास उलटले, की वरचे नियम लागू होतात. काही मार्गदर्शिका ही मर्यादा तीन गोळ्यांवर ठेवतात, पण घरी पाळायला दोनचा कडक नियम बरा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती घेतलीच नाही असं समजून दुसरी घ्यावी. तपकिरी गोळी चुकली तर काहीही होत नाही, फक्त दिवसांचा हिशेब चुकवू नका.

आणि ते गैरसमज?

त्यातले बरेचसे निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्यामुळेच गोळ्या चुकतात. ‘मधून मधून शरीराला विश्रांती द्यावी’ हा त्यातला सर्वात महागात पडणारा. विश्रांती म्हणजे मेंदूला मोकळं रान. शिवाय रक्ताच्या गुठळीचा जो थोडा धोका या गोळ्यांत असतो, तो सुरुवातीच्या महिन्यांत आणि मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू करताना जास्त असतो. म्हणजे विश्रांती घेणारी बाई तो धोका पुन्हा पुन्हा ओढवून घेते.

कामासाठी नवरा बाहेरगावी असलेल्या घरांत ‘तो आला की गोळ्या, गेला की बंद’ अशी पद्धत दिसते. सात गोळ्यांचा नियम पाहिला तर यातली अडचण उघड आहे. तो आल्यावर सुरू केलेल्या गोळीने पहिला आठवडा संरक्षण मिळेलच याची खात्री नाही. अशा घरासाठी कंडोम किंवा कॉपर-टी जास्त सोयीची.

मूल न होण्याची भीती तर मुळातच उलटी आहे. गोळीचा परिणाम इतका तात्पुरता आहे की सात दिवसांत फॉलिकल वाढू लागतात, हे आपण आत्ताच पाहिलं. गोळी बंद केल्यावर बहुतेकींमध्ये एक ते तीन महिन्यांत स्त्रीबीज पुन्हा नियमित बाहेर पडू लागतं. गोळ्या पोटात साठत नाहीत, जेवणासारख्याच विरघळून रक्तात जातात. वजनाबाबत उपलब्ध अभ्यासांत मोठा फरक आढळलेला नाही. अँटिबायोटिकने गोळी निकामी होते हा समज डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतो, पण नेहमीच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी काही औषधं मात्र यकृतात हार्मोन लवकर संपवतात. ती चालू असतील तर गोळीवर विसंबू नये, डॉक्टरांकडून दुसरा उपाय घ्यावा.

सणावाराला पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी ही गर्भनिरोधक नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. ती पाळीच्या तीन-चार दिवस आधी सुरू करतात. तोवर स्त्रीबीज केव्हाच बाहेर पडून गेलेलं असतं. माला घेणाऱ्या बाईला त्या गोळीची गरजही नाही. तपकिरी सात वगळून नवं पाकीट लगेच सुरू केलं की गौरी-गणपतीत पाळी येत नाही आणि संरक्षणही तुटत नाही.

गोळी सगळ्यांसाठी आहे का?

नाही. उच्च रक्तदाब, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी, ३५ नंतर तंबाखूचं धूम्रपान, सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला अंगावर पाजणं, यात दोन हार्मोनची गोळी टाळतात. म्हणून पहिलं पाकीट घेण्याआधी निदान रक्तदाब मोजून घ्यायला हवा. पाय एका बाजूने सुजून दुखू लागला, छातीत अचानक दुखलं किंवा धाप लागली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

गोळी चुकल्याचं कसं कळतं?

पाकिटावर नजर टाकली की रिकामे खण दिसतात, हे झालं सोपं उत्तर. पण शरीरही सांगतं. पांढऱ्या गोळ्या चालू असताना मधेच डाग दिसू लागले तर आधी गोळ्या मोजा. चुकलेली गोळी हे मधल्या डागांचं एक नेहमीचं कारण आहे. अनेक जणी मात्र ‘गोळी मला मानवत नाही’ म्हणून अर्ध्यातच पाकीट टाकून देतात, आणि मग खरा धोका सुरू होतो. गोळी नव्यानेच सुरू केली असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत असे डाग न चुकवताही दिसतात.

तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात रक्तस्राव झाला नाही आणि त्याआधी गोळ्या चुकल्या होत्या, तर मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची चाचणी करावी. धोक्याच्या संबंधानंतर तीन आठवडे झालेले असतील तर तिचा निकाल भरवशाचा असतो. त्याआधी ‘नाही’ आलं तरी पुन्हा करून पाहावी. दरम्यान नकळत गोळ्या घेतल्या गेल्या असतील तर घाबरायचं कारण नाही; त्यामुळे गर्भात व्यंग निर्माण होत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. चाचणी ‘हो’ आली तर मात्र गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावं.